मत्स्यबीज तळ्यांचा प्रस्ताव : कामाचं वेळापत्रक पटेल असं कसं लिहायचं

सभासद बंधू-भगिनी आणि नाववाले, सगळ्यांनाच उपयोगी पडेल असा एक विषय आज घेतलाय. आपल्या निपाणी-चिकोडी भागातल्या दोन-तीन संस्थांनी विचारलं होतं, की तुमचा मत्स्यबीज तळ्यांचा प्रस्ताव परत आला आणि दुसऱ्यांदा दिल्यावर पुढं गेला, तर मधे तुम्ही नेमकं काय बदललं? रक्कम बदलली नाही, जागा बदलली नाही. बदललं ते फक्त "कामाचा आराखडा व कालावधी" हे दीड पान. ते कसं बदललं तेवढंच सांगतो.

प्रस्ताव साधा होता. वीस गुंठे पाण्याची चार छोटी तळी, म्हणजे प्रत्येकी पाच गुंठ्याचं एक, जिरे वाढवायला. आणि वीस-वीस गुंठ्यांची दोन मोठी तळी, बीजाचं बोटुकलीत संगोपन करायला. एकूण दीड एकर पाणी, म्हणजे साधारण ०.६ हेक्टर. आज आपण बोटुकली बाहेरून आणतो. गाडीत निम्मी दमते, तलावात सोडल्यावर आणखी मरते. आपलं बीज आपल्याच गावात तयार व्हावं, ही मूळ कल्पना.

पहिल्या प्रस्तावातला वेळापत्रकाचा परिच्छेद असा होता. लाज वाटते, पण जसाच्या तसा देतो :

"प्रकल्पाचा कालावधी १२ महिने राहील. पहिल्या महिन्यात मंजुरी व अनुदानाचा पहिला हप्ता प्राप्त होईल. दुसऱ्या महिन्यात तळ्यांचे खोदकाम पूर्ण करण्यात येईल. तिसऱ्या महिन्यात वीज जोडणी, मोहाची पेंड टाकून अनिष्ट मासे नष्ट करणे व तळ्याची पूर्वतयारी करण्यात येईल. चौथ्या महिन्यात ६ लाख मत्स्यजिरे सोडण्यात येतील. सातव्या महिन्यात ५ लाख बोटुकली तयार होतील व सभासदांना वाटप करण्यात येईल."

वाचायला किती छान! परत आला तेव्हा वर एकच ओळ होती : कालावधी वास्तव वाटत नाही, दुरुस्त करून सादर करावा. आम्हाला आधी राग आला. मग तोच परिच्छेद आमच्यातल्या एका जुन्या सभासदाला मोठ्यानं वाचून दाखवला. माणूस चौथी पास, पण चाळीस वर्षं तलाव राखलेला. त्यांनी एकच विचारलं, "चौथा महिना म्हंजी कुठला महिना?"

तिथंच सगळं उघडं पडलं. पहिला महिना मंजुरीचा. मंजुरी ऑक्टोबरात आली तर चौथा महिना जानेवारी. जानेवारीत रोहू-कटला-मृगळचं जिरे कुठं मिळणार? हे मासे पावसाळ्यात अंडी देतात. केंद्रात इंजेक्शन देऊन प्रजनन करून घेतात तेही आपल्याकडं मुख्यतः जून ते ऑगस्टच. म्हणजे आम्ही लिहिलेला "चौथा महिना" फक्त एकाच परिस्थितीत खरा ठरला असता : मंजुरी मार्च ते मे दरम्यान आली तर. आणि मंजुरी एप्रिलमध्ये आली तर खोदकाम मे महिन्यात, वीज जूनमध्ये, म्हणजे भर पावसात बांध ओले. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे दोन मिनिटांत दिसतं, कारण त्यांनी असे शंभर कागद पाहिलेले असतात.

तर पहिला बदल हा. दोन प्रकारची कामं आम्ही वेगळी काढली. काही कामं मंजुरीला बांधलेली असतात : कंत्राट देणं, बँकेचं कर्ज, साहित्य खरेदी. ती "मंजुरी मिळाल्यापासून इतके दिवस" अशीच लिहायची. काही कामं ऋतूला बांधलेली असतात : बांध घालणं, पाणी भरणं, जिरे आणणं, बोटुकली सोडणं. ती मंजुरीपासून मोजायचीच नाहीत, ती तारखेनंच लिहायची. आम्ही दोन्हीला एकाच "पहिला महिना, दुसरा महिना"च्या दोरीत ओवलं होतं, म्हणून दोरी तुटत होती.

आपण मनात तारखा धरतच नाही, नक्षत्रं धरतो. मृग निघाला, आर्द्रा लागल्या, पुनर्वसूत पाणी आलं. ते चुकीचं नाही, उलट तेच खरं वेळापत्रक आहे. फक्त कागदावर लिहिताना मृग म्हणजे ७-८ जून, आर्द्रा म्हणजे २१-२२ जून, पुनर्वसू म्हणजे ५-६ जुलै असं करून लिहायचं. म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारलं तर सगळा आराखडा नक्षत्रात सांगतात, आणि तो आम्ही केलेल्या बारा महिन्यांच्या तक्त्यापेक्षा पक्का निघतो.

मग आम्ही उलटं मोजायला बसलो. पुढून मागं नाही, शेवटून सुरुवातीला. जिरे सोडायची तारीख आम्ही १० जुलै धरली. आता त्याच्या आधी काय काय झालेलं पाहिजे?

जिरे सोडायच्या आदल्या दिवशी पाण्यातले किडे मारायला साबण आणि तेलाचं मिश्रण फवारतात. गुंठ्याला साधारण पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम साबण आणि अर्धा किलोच्या वर तेल. म्हणजे ते ९ जुलैला. त्याच्या आधी पाण्यात जिऱ्याचं खाद्य, म्हणजे सूक्ष्म प्राणी, तयार झालेले पाहिजेत. त्यासाठी शेणखत घालून पंधरा-सोळा दिवस द्यावे लागतात, गुंठ्याला पन्नास किलो शेण. म्हणजे शेण २३ जूनच्या आसपास. शेणाआधी पाणी पाहिजे, म्हणजे २० जूनपर्यंत तळ्यात पाणी, तेही जाळीतून गाळून घेतलेलं. पाण्याआधी कोरड्या तळावर चुना, गुंठ्याला दोन ते अडीच किलो, म्हणजे १५ जून. आणि चुन्याआधी तळं पूर्ण तयार, पाणी धरून दाखवलेलं, म्हणजे ३१ मे.

एक गंमत सांगायची राहिली. जुन्या परिच्छेदात "मोहाची पेंड टाकून अनिष्ट मासे नष्ट करणे" असं होतं. नव्यानं खोदलेल्या कोरड्या तळ्यात अनिष्ट मासे कुठून येणार? ते वाक्य आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या तलावाच्या प्रस्तावातून उचललं होतं. वर मोहाच्या पेंडीचा विषारीपणा पाण्यात दोन-तीन आठवडे राहतो, म्हणजे तिसऱ्या महिन्यात पेंड टाकून लगेच जिरे सोडलं असतं तर सगळं मेलं असतं. पहिल्या वर्षी पेंड नाहीच, ती दुसऱ्या वर्षीपासून, आणि तेव्हाही जिऱ्याच्या तीन आठवडे आधी. नक्कल केलेलं वाक्य असं पकडलं जातं बघा. ते एक वाक्य वाचलं की वाचणारा पुढच्या प्रत्येक आकड्याकडं संशयानं बघतो.

आता ३१ मेच्या मागं. इथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि इथंच प्रस्ताव बहुतेकांचा पडतो, म्हणून जरा सविस्तर.

खोदकामाला आम्ही "एक महिना" लिहिलं होतं, कुठलाही हिशोब न करता. आता हिशोब केला. दीड एकर पाणी म्हणजे सहा हजार चौरस मीटर. खोदलेली माती बांधालाच वापरायची म्हटलं तर सरासरी साठ सेंटिमीटर खोदावं लागतं, म्हणजे ३,६०० घनमीटर माती. आपल्या काळ्या रानात एक जेसीबी दिवसाला १८० घनमीटरच्या आसपास माती काढतो, असं आम्ही दोन चालकांना विचारून धरलं. वीस दिवस झाले. पण ती माती नुसती ढिगानं टाकून बांध होत नाही. पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचं, दाबायचं, मग दुसरा थर. मशीन बंद पडणं, डिझेल, सण-वार हे धरून ३५ दिवस. नंतर पाण्याचे पाइप, जाळ्या, बांधाचा उतार, यांना १५ दिवस. एकूण ५० दिवस.

काळ्या मातीचं आणखी एक आहे. एप्रिल-मेमध्ये ती सुकून दगडासारखी होते, भेगा पडतात. ढेकळं दाबली तरी एकमेकांना धरत नाहीत, आणि असा बांध पहिल्या पाण्यातच झिरपतो. जमिनीत थोडी ओल असताना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत काम सुरू झालं तर दाबणी नीट होते. उशीर झाला तर टँकरनं पाणी मारायचा खर्च वाढतो, आणि तो खर्च प्रस्तावात नसतो. पण जानेवारी-फेब्रुवारीत दुसरीच अडचण : ट्रॅक्टर. आपल्या भागात दिवाळीपासून मार्चपर्यंत सगळे ट्रॅक्टर-ट्रॉली उसाच्या वाहतुकीत असतात. दाबणीला ट्रॅक्टर मिळत नाही, मजूरही उसाच्या फडात असतो. हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, पण प्रस्तावात कुणी लिहीत नाही. आम्ही लिहिलं : "ऊस हंगामामुळे ट्रॅक्टर भाड्याने मिळणे कठीण असल्याने दाबणीसाठी सभासदांच्या मालकीचे दोन ट्रॅक्टर राखून ठेवण्याची लेखी संमती सोबत जोडली आहे." त्या एका वाक्याला आणि दोन सह्यांना जेवढं वजन आलं तेवढं आधीच्या पूर्ण पानाला नव्हतं.

बांध झाला म्हणजे तळं झालं असं नाही. पाणी धरतंय का ते बघावं लागतं. पंप लावून भरायचं आणि दहा दिवस खुंटीवर खूण करून पाण्याची उतरण मोजायची. झिरपलं तर दुरुस्तीला दहा दिवस. म्हणून ३१ मेच्या आधी वीस दिवस चाचणीचे, म्हणजे बांध १० मेपर्यंत उभा. त्याच्या मागं ५० दिवस, म्हणजे काम सुरू करायची शेवटची तारीख २० मार्च. आम्ही इच्छित तारीख १ फेब्रुवारी लिहिली आणि स्पष्ट सांगितलं, की मधले दीड महिने हा आमचा राखीव वेळ आहे. राखीव वेळ लपवायचा नसतो. बरेच जण प्रत्येक कामाला गुपचूप चार-चार दिवस वाढवून ठेवतात, मग प्रत्येक कामच ढिलं दिसतं. राखीव एका जागी, उघड ठेवला की बाकी आकडे घट्ट दिसतात.

माती पाणी धरेल का, हे मात्र खोदायच्या आधीच कळलं पाहिजे. आमच्या जुन्या आराखड्यात माती परीक्षण नव्हतंच. आता ते प्रस्ताव देण्याआधीच केलं. तीन ठिकाणी कमरेइतके खड्डे काढले, सकाळी काठोकाठ भरले, संध्याकाळी जेवढं मुरलं तेवढं पुन्हा भरलं, वर फांद्या टाकून झाकलं, दुसऱ्या सकाळी बघितलं. दोन खड्ड्यांत पाणी बहुतेक तसंच होतं. तिसऱ्यात, ओढ्याच्या बाजूच्या, निम्म्याच्या वर गेलं होतं, खाली मुरूम लागला होता. तळ्यांची मांडणी त्या बाजूनं पंधरा मीटर आत घेतली. फोटो आणि तारीख प्रस्तावाला जोडली. जे काम मंजुरीआधी फुकटात होतं ते मंजुरीनंतरच्या यादीत ठेवायचं कशाला?

वीज जोडणीचंही तसंच. हेस्कॉमकडं अर्ज केल्यापासून पोल, वायर, मीटर होईपर्यंत किती दिवस जातील ते आपल्या हातात नाही. आम्ही तीन महिने धरले आणि अर्ज खोदकामाच्या आधीच करायचा ठरवला. कारण बघा, वीज ही खोदकामावर अवलंबून नाही. जुन्या परिच्छेदात ती खोदकामानंतर आली, एवढंच कारण की वाक्यात ती नंतर सुचली. खरं तर दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात. वीज अडते ती फक्त चाचणीच्या पाण्यापाशी, आणि तिथंही डिझेल इंजिन भाड्यानं लावता येतं. तर प्रत्येक कामापुढं दोन प्रश्न लिहून बघायचे : हे कशावाचून अडतं? आणि हे झालं नाही तर पुढचं काय अडतं? उत्तर "कशावाचूनच नाही" असं आलं तर ते काम लवकर सुरू करा.

आता पैशाची गाठ. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात संगोपन तळ्यांना हेक्टरी ७ लाख रुपये खर्च धरलाय. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती व जमातीला ६० टक्के अनुदान. आमच्या ०.६ हेक्टरला खर्च ४ लाख २० हजार, आणि ४० टक्क्यांनी अनुदान १ लाख ६८ हजार. आमच्या जुन्या परिच्छेदात काय होतं? आधी पहिला हप्ता, मग खोदकाम. आणि हप्ता कधी मिळणार होता? खोदकामाचं मोजमाप झाल्यावर! म्हणजे खोदकाम हप्त्याची वाट बघणार आणि हप्ता खोदकामाची. असा फेरा कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन ओळी दोन वेगळ्या पानांवर असतात, एक आराखड्यात आणि एक खर्चाच्या तक्त्यात. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. नव्या मजकुरात आम्ही लिहिलं, की पूर्ण खोदकामाचा खर्च संस्थेच्या ठेवीतून व बँक कर्जातून होईल, कर्ज मंजुरीचं पत्र जोडलं आहे, आणि अनुदान आलं की ते कर्जात भरलं जाईल. वेळापत्रकात अनुदानावर एकही काम अडकवलं नाही.

मंजुरीची तारीख मात्र आपल्या हातात नाही हे मान्य करावं लागतं. अर्ज जिल्हा मत्स्य कार्यालयात जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं, मग राज्याकडं. आणि मंजुरीआधी सुरू केलेल्या कामावर अनुदान मिळेलच असं धरून चालू नये. मग मंजुरी उशिरा आली तर? जुन्या प्रस्तावात याचं उत्तर नव्हतं. नव्या प्रस्तावात सगळ्यात जास्त मेहनत या चार ओळींवर घेतली :

"कार्यादेश २० मार्चपर्यंत मिळाल्यास सहाही तळी याच वर्षी पूर्ण होतील. २१ मार्च ते २० एप्रिल दरम्यान मिळाल्यास प्रथम चार लहान तळीच पूर्ण करण्यात येतील (अंदाजे २० दिवसांचे काम). त्या वर्षी फक्त मत्स्यबीज तयार होईल, बोटुकली होणार नाही. दोन मोठी तळी पुढील डिसेंबरपासून खोदण्यात येतील. २० एप्रिलनंतर मिळाल्यास त्या वर्षीचा हंगाम घेता येणार नाही. सर्व खोदकाम डिसेंबरमध्ये सुरू होईल व पहिले जिरे पुढील जुलैत सोडले जाईल."

आमच्या बैठकीत यावर भांडण झालं. काहींचं म्हणणं, "हंगाम जाईल" असं आपणच लिहून दिलं तर देणारा पैसे कशाला देईल? आम्ही काही जण अडून बसलो. देणाऱ्याला माहीतच आहे की जाईल. आपल्यालाही माहीत आहे हे त्याला दिसलं पाहिजे. शिवाय उद्या खरंच मे महिन्यात आदेश आला तर "वेळेत काम केले नाही" असा ठपका बसत नाही, कारण आपण आधीच लिहून दिलेलं असतं.

टप्प्यांची, म्हणजे मधल्या मुक्कामांची भाषाही बदलली. "५० टक्के काम पूर्ण" हा मुक्काम नाही. पन्नास टक्के कोण मोजणार? मुक्काम म्हणजे बाहेरचा माणूस येऊन डोळ्यानं बघू शकेल आणि हो किंवा नाही म्हणू शकेल अशी गोष्ट. आम्ही पाचच ठेवले. पहिला, सहाही बांध ठरलेल्या उंचीला आणि मोजमाप वहीत नोंद. दुसरा, भरलेल्या तळ्यात दहा दिवसांची पाण्याची उतरण, रोजच्या आकड्यांसह. तिसरा, जिरे सोडल्याची पावती आणि तारीख. चौथा, अठरा-वीस दिवसांनी बीज काढून वाटीनं मोजणी. पाचवा, बोटुकलीचं वाटप, सभासदाच्या सहीसकट. पहिल्या दोनांत उशीर झाला तर तिसरा कोलमडतो, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, क्रमातच दिसतं.

आता आकडे. सहा लाख जिऱ्याची पाच लाख बोटुकली! देव करो आणि असं होवो. मातीच्या तळ्यात जिऱ्यापासून बीज होईपर्यंत शंभरातली तीस-चाळीस जगली तरी चांगलं म्हणतात. नव्या माणसांनी, नव्या तळ्यात, पहिल्या वर्षी तीसच धरावीत. गुंठ्याला तीस हजार या हिशोबानं वीस गुंठ्यांत सहा लाख जिरे, त्याचं १ लाख ८० हजार बीज. ते सगळं दोन मोठ्या तळ्यांत मावत नाही, तिथं गुंठ्याला अडीच हजारच सोडायचं, म्हणजे चाळीस गुंठ्यांत एक लाख. उरलेलं ८० हजार बीज जुलैअखेरीस लगेच विकायचं किंवा शेजारच्या संस्थेला द्यायचं, आणि गिऱ्हाईक आधीच ठरवून ठेवायचं, कारण ते ठेवायला जागा नाही. हेही एक अवलंबन आहे आणि जुन्या कागदात ते कुठंच नव्हतं. लाखभर बीजातलं साठ टक्के जगलं तर ऑक्टोबरच्या मध्यावर ६० हजार बोटुकली. पाच लाखांच्या जागी साठ हजार लिहिताना हात थरथरतो खरा. पण आपल्या सभासदांचे तलाव मिळून तीस हेक्टर होतात. हेक्टरी दोन हजारानं बरोबर साठ हजारच लागतात. मागणी आणि उत्पादन जुळलं, तसं वाचणाऱ्यालाही पटलं.

पुराचं विसरू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगा-दूधगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलंय, यमगर्णीजवळ हायवे बंद पडला होता. आपली बीजं तळ्यात असतात तेही याच दिवसांत. आम्ही जागा निवडतानाच २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर निवडली होती, पण पहिल्या प्रस्तावात ते लिहिलंच नव्हतं. जे केलं ते न लिहिणं हाही तोटाच. आता लिहिलं, आणि बांधावर जाळीचं कुंपण १५ जुलैआधी, हे वेळापत्रकात घातलं.

तर शेवटी उतरलेला मुख्य परिच्छेद असा :

"रोहू, कटला व मृगळ यांचे जिरे जून ते ऑगस्टमध्येच उपलब्ध होत असल्याने १० जुलै ही जिरे सोडण्याची तारीख धरून आराखडा मागे मोजला आहे. माती चाचणी पूर्ण झाली आहे (अहवाल जोडला आहे). वीज जोडणीचा अर्ज खोदकामाआधीच करण्यात येईल. जोडणी न झाल्यास चाचणीसाठी डिझेल इंजिन वापरले जाईल. कार्यादेश मिळताच, शक्यतो १ फेब्रुवारीस व उशिरात उशिरा २० मार्चला खोदकाम सुरू होईल. त्यास ५० दिवस लागतील. बांध १० मेपर्यंत पूर्ण होऊन पाणी धरण्याची चाचणी व दुरुस्ती ३१ मेपर्यंत होईल. चाचणी समाधानकारक झाल्याशिवाय जिऱ्याची मागणी पक्की केली जाणार नाही. चुना १५ जून, पाणी २० जून, शेणखत २३ जून. जुलैअखेर १.८ लाख बीज व ऑक्टोबर मध्यापर्यंत ६० हजार बोटुकली अपेक्षित आहे."

पहिल्यापेक्षा लांब आहे आणि आकडा लहान आहे. पण प्रत्येक तारखेमागं "का" आहे.

नाववाल्यांसाठी थोडंसं. नाव, जाळी, पेटी यांचा प्रस्ताव करताना रीत हीच, फक्त खुंटी वेगळी. हिडकलसारख्या मोठ्या पाण्यावर जाणाऱ्यांनी नाव कधी हातात पाहिजे ती तारीख धरून मागं मोजावं. किनाऱ्यावरच्या आपल्या पाहुण्यांचं तर सोपंच आहे : १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, इंजिन उतरवून दुरुस्ती करायची तर त्याच दिवसांत. त्यांनी इंजिनाची खरेदी "सहाव्या महिन्यात" लिहिली आणि तो सहावा महिना ऑक्टोबर निघाला, तर भर हंगामात नाव किनाऱ्याला.

आणि भाषेचं एक. आपण आराखडा मराठीत लिहितो, कार्यालयात प्रत कन्नडमध्ये जाते. आमच्या पहिल्या कन्नड प्रतीत "मे अखेरपर्यंत"चं "मे अखेरीनंतर" झालं होतं, म्हणजे बांध पावसात! टाईप करणाऱ्याची चूक, पण सही आमची. आता आम्ही कन्नड वाचणाऱ्या एका पोराला बसवतो, तो फक्त तारखा आणि "पर्यंत", "नंतर", "झाल्याशिवाय" हे शब्द मोठ्यानं वाचतो, आणि दुसरा माणूस मराठी प्रतीवर बोट ठेवून जुळवतो. अर्धा तास लागतो. कुणाला आपला परिच्छेद दाखवायचा असेल तर छापून घेऊन या, जुलैची तारीख वर लिहून आपण मिळून मागं मोजू.